मेळाव्यातील भोजन कूपन : एकगठ्ठा संच, वेळेचे कूपन की मोबाइलवरील कोड?

समाजाच्या दोन दिवसांच्या मेळाव्याची भोजन समिती ज्यांच्या गळ्यात पडते, त्यांच्यापुढे पहिल्याच बैठकीत हा प्रश्न येतो. नोंदणी साधारण दीड-दोन हजारांची असते, जेवणे चार असतात (शनिवारी दुपार आणि रात्र, रविवारी नाश्ता आणि दुपार), आणि कूपन कसे द्यावे यावर प्रत्येकाचे मत ठाम असते. लातूर जिल्ह्यातील आमच्या मेळाव्यात मी दोन वर्षे हे काम पाहिले. पहिल्या वर्षी एक पद्धत वापरली, दुसऱ्या वर्षी दुसरी, आणि तिसरी पद्धत दुसऱ्या एका मेळाव्यात जवळून पाहिली. खालील तुलना त्या अनुभवावर आधारलेली आहे.

बैठकीतील बहुतेक चर्चा ‘एकाने दोनदा जेवू नये’ या मुद्द्याभोवती फिरते. माझ्या मते तो दुय्यम मुद्दा आहे. दोन हजारांत पन्नास माणसे दोनदा जेवली तरी आचाऱ्याचा अंदाज कोलमडत नाही. तो कोलमडतो नोंदणी करून न आलेल्या किंवा दुपारीच गावी परतलेल्या तीन-चारशे माणसांमुळे. म्हणून पद्धत निवडताना आधी हे विचारावे की, खरा आकडा भटारखान्यात किती वाजता पोहोचतो. भाज्या चिरून झालेल्या असतात, बुंदी आदल्या रात्रीच पाडलेली असते, तिथे आकड्याचा काही उपयोग नाही. मात्र भात आणि पोळ्या या गोष्टी शेवटच्या दोन तासांत ठरवता येतात, आणि उरणाऱ्या अन्नात मोठा वाटा याच दोघांचा असतो.

पहिल्या वर्षी आम्ही नोंदणीच्या टेबलावरच चारही जेवणांच्या कूपनांचा संच दिला. प्रत्येक जेवणाचा रंग वेगळा होता, अनुक्रमांक छापलेला होता, समितीचा शिक्का होता. नोंदणीची रांग एकदाच लागली आणि पाहुण्यांना हे सोयीचे वाटले, हे मान्य करावेच लागेल. पण संच दिला त्या क्षणी आमच्या हातातील माहिती संपली. अठराशे पन्नास संच वाटले गेले, म्हणून आचाऱ्याला अठराशे पन्नास पाने सांगितली. शनिवारी दुपारी डब्यात कूपने पडली चौदाशे वीस. उरलेली माणसे कुठे गेली याचा शोध संध्याकाळी लागला. काही जण उशिरा येणार होते, काही जण जवळच्या नातेवाइकांकडे जेवले, आणि बऱ्याच जणांचा शनिवारचा उपवास होता, जो आमच्यापैकी कोणालाही नोंदणी अर्जात विचारावासा वाटला नव्हता. मराठवाड्यात शनिवार धरणारी माणसे कमी नाहीत. त्यांना दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी हवी होती आणि आमच्याकडे मसालेभात होता. रविवारी दुपारी याच्या उलट घडले. शनिवारी परतलेल्यांनी आपली रविवारची कूपने गावातल्या ओळखीच्यांना देऊन टाकली होती. त्यात फसवणूक म्हणावे असे काही नव्हते, कूपन वाया जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता. पण आकड्याच्या दृष्टीने परिणाम एकच झाला.

दुसऱ्या वर्षी आम्ही वेळेचे कूपन सुरू केले, म्हणजे प्रत्येक जेवणाचे कूपन त्याच्या आधीच्या कार्यक्रमाच्या वेळी द्यायचे. शनिवारी दुपारचे कूपन नोंदणी टेबलावर मिळाले, रात्रीचे कूपन दुपारी चारच्या चहासोबत, आणि रविवारी दुपारचे कूपन सकाळच्या नाश्त्याच्या वेळी. नाश्त्याला कूपन ठेवलेच नाही. पोहे आणि उपमा ताज्या घाण्यात करता येतात, तिथे मोजणीचा खटाटोप व्यर्थ आहे. उपवासाच्या कूपनावर वेगळा शिक्का मारला. टेबलावर नाव विचारून वहीतील नावापुढे खूण करायची आणि कूपन द्यायचे, एवढेच काम, पण त्यासाठी आडनावाच्या आद्याक्षरानुसार चार टेबले आणि आठ कार्यकर्ते लागले. या पद्धतीची खरी किंमत हीच आहे. वेळेला टेबलावर न बसणारे कार्यकर्ते असतील तर ती अंगलट येते, आणि चहाला न आलेला माणूस रात्री थेट भोजन मंडपाच्या दारात कूपनाशिवाय उभा राहतो.

त्या रविवारचा हिशेब येथे सविस्तर देतो, कारण पद्धतीचा फायदा त्यातच दिसतो. सकाळी दहा वाजेपर्यंत १,३१० कूपने गेली होती. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, वाहनचालक आणि कार्यकर्ते मिळून ९६ जणांना पांढरी कूपने दिली होती. आमच्या आचाऱ्याचे माप पोळी-भाजीसोबत शंभर पानांना आठ किलो तांदूळ असे होते. दार उघडण्यापूर्वी त्याने ७२ किलोचा, म्हणजे नऊशे पानांचा भात टाकला. साडेबाराला दार उघडले आणि पाऊणला पुढचा ३२ किलोचा भात चढला. दुपारी बारापर्यंत वाटलेली कूपने १,४८० झाली होती. दीड वाजता आम्ही असे मोजले : वाटलेल्यांपैकी शंभरात पाच जण येत नाहीत, हे शनिवारच्या दोन जेवणांत दिसले होते, म्हणजे सुमारे १,४०६ येतील, त्यात पांढरी ९६ आणि दारात आलेले साधारण ६० पाहुणे धरले तर १,५६२. तेराशे पानांचा भात आधीच झालेला असल्यामुळे आणखी २० किलो टाकायला सांगितला. मोठ्या पातेल्याला पाऊण तास लागतो, त्यामुळे दीडनंतर घेतलेला निर्णय उपयोगाचा राहत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. शेवटी जेवणारे १,५५९ निघाले. एकूण १२४ किलो तांदूळ लागला. पहिल्या वर्षीप्रमाणे अठराशे पन्नास धरून टाकला असता तर १४८ किलो लागला असता. उरलेले २४ किलो पोत्यातच राहिले. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन तास झाकून ठेवलेला वरण-भात कोणाला वाटणेही धोक्याचे असते, त्यामुळे शिजलेले उरणे आणि न शिजवलेले उरणे यांत मोठा फरक आहे.

दारातील मोजणी आम्ही जुन्या दुकानी पद्धतीने केली. लाकडी ठोकळ्यावर उभी तार बसवून घेतली होती, जशी किराणा दुकानात पावत्या टोचायला असते. दारातला कार्यकर्ता कूपन अर्धे फाडतो, अनुक्रमांकाचा अर्धा भाग तारेत ओवतो आणि उरलेला अर्धा पाहुण्याला परत देतो, जो ताट घेताना द्यायचा असतो. पन्नास झाले की तार बदलायची. दर पंधरा मिनिटांनी एक मुलगा भरलेल्या तारा मोजून आकडा आचाऱ्याला सांगतो. डब्यात पडलेली कूपने मोजायला रात्र उजाडते. तारेतली कूपने जेवण चालू असतानाच मोजून होतात. माझ्या दृष्टीने कागदी कूपनातला सर्वांत उपयुक्त सुधार हाच, आणि त्याला खर्च जवळपास काही नाही.

मोबाइलवरील क्यूआर कोडची पद्धत कागदावर सर्वांत नेटकी दिसते. नोंदणी झाली की कोड व्हॉट्सॲपवर येतो, दारात तो वाचला जातो, दुसऱ्यांदा वाचला तर लाल खूण दिसते, आणि आकडा क्षणोक्षणी दिसत राहतो. मी पाहिलेल्या मेळाव्यात दुपारी एकच्या सुमारास मैदानावरील नेटवर्क बसले. दोन दारांवरचे दोन फोन आपापल्या यादीवर चालू राहिले, त्यामुळे एका दारावर वापरलेला कोड दुसऱ्या दारावर हिरवाच दिसत होता. कोडाचे छायाचित्र पुढे पाठवणे तर एका बोटाचे काम आहे. दुबार नोंदी सापडल्या त्या रात्री, दोन्ही याद्या एकत्र केल्यावर. तोवर जेवण पचले होते. यावर उपाय आहे : पहिल्या दारावर १ ते ९०० आणि दुसऱ्यावर ९०१ पासून पुढचे क्रमांक असे वाटून टाकावेत, म्हणजे नेटवर्क नसले तरी एका क्रमांकाची नोंद एकाच फोनवर राहते. पण आयोजकांनी हे आधीच विचारले पाहिजे.

शिवाय वेगाचा प्रश्न आहे. कूपन फाडून ओवायला माणशी चार सेकंद लागतात. चार दारांवर मिनिटाला साठ माणसे आत जातात आणि पंधराशेंची रांग पंचवीस मिनिटांत संपते. भर उन्हात काळा दिसणारा स्क्रीन, ‘थांबा, मुलाच्या फोनवर आलंय’ म्हणणारे आजोबा आणि उतरलेली बॅटरी हे सगळे धरले तर माणशी आठ-दहा सेकंद सहज जातात. तेवढ्याच दारांवर तीच रांग तासाभराच्या आसपास जाते आणि मागचे लोक दोर ओलांडू लागतात. एकदा दोर ओलांडला गेला की कोणतीही पद्धत उरत नाही.

ओळखपत्रावर पंच मारण्याची आणखी एक पद्धत आहे. ती सर्वांत जलद आहे आणि कूपन हरवण्याचा प्रश्नच येत नाही, पण दारात हातात काहीच उरत नसल्यामुळे बटण दाबून मोजणारे यंत्र धरलेला वेगळा माणूस बसवावा लागतो, आणि तो गप्पांत रमला की आकडा गेला. पाचशेच्या आतल्या मेळाव्याला ती पुरेशी आहे. खरे तर तेवढ्यासाठी पंगत बसवली तर पानेच मोजून होतात.

कोणतीही पद्धत घेतली तरी दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली, कूपनाशिवाय आलेल्याचे काय करायचे. आपल्याकडे मंडपाच्या दारातून माणूस उपाशी परत पाठवणे कोणालाही जमत नाही, जमूही नये. म्हणून एका ज्येष्ठ व्यक्तीकडे पिवळ्या पाहुणा कूपनांचे एकच पुस्तक द्यावे आणि ती दुसऱ्या कोणीही देऊ नयेत. कूपन हरवलेल्यालाही तेच मिळावे. आमची अशी ६१ कूपने गेली आणि ती मोजणीत आली, एवढे पुरे.

दुसरी गोष्ट, ठेकेदाराला पैसे कूपनांवर द्यायचे की ताटांवर. त्या रविवारी पंचवीसचा एक गठ्ठा याप्रमाणे पत्रावळींचे ६४ गठ्ठे फुटले होते आणि शेवटच्यात ११ शिल्लक होत्या, म्हणजे १,५८९ पत्रावळी गेल्या. कूपने मात्र १,५५९ होती. मधल्या तीस पत्रावळी चोरीच्या नव्हत्या. पातळ म्हणून लोक दोन-दोन एकावर एक घेतात, काही वाऱ्याने उडतात. ठेकेदाराने पत्रावळी पुढे केल्या, आम्ही तारा पुढे केल्या, आणि करारात ‘दारात जमा झालेल्या कूपनांप्रमाणे’ असे आधीच लिहिलेले असल्यामुळे वाद दहा मिनिटांत मिटला. मोजणीला मात्र त्याचा एक माणूस दारात आमच्यासोबत उभा होता, ही अट त्याचीच होती आणि ती रास्त होती.

आपल्या मेळाव्याची नोंदणी सहाशे ते अडीच हजारांच्या दरम्यान असेल आणि चार टेबलांवर बसायला आठ माणसे मिळणार असतील, तर मी वेळेचे कागदी कूपन आणि तार निवडीन. माणसे मिळणारच नसतील तर संच द्यावा, पण दिवसाचा संच त्या-त्या दिवशी सकाळीच द्यावा. म्हणजे निदान शनिवारी परतणाऱ्यांची रविवारची कूपने तुमच्याच पेटीत राहतील. क्यूआर कोड घ्यायचाच असेल तर मेळाव्याच्या आदल्या दिवशी दोन्ही फोन विमान मोडवर टाकून एकच कोड दोन्हींवर वाचून पाहावा. दुसऱ्या फोनवरही हिरवी खूण आली, तर छापखान्यात जायला अजून एक रात्र हाताशी आहे.