मेनूचा फोटो काढून भाषांतर करणारे ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानमधील मुक्कामात गेले काही महिने मी हे ॲप जवळपास रोज वापरत आहे. स्थानकावरील पाट्या आणि औषधांची वेष्टने ते व्यवस्थित वाचते, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. माझी तक्रार उपाहारगृहातील मेनूपुरती आहे आणि ती वापरासोबत वाढतच गेली.

उडोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. त्यांच्या एका साध्या दुकानात फोटो काढल्यावर मराठीत ‘कोल्हा उडोन’ आणि ‘चंद्रदर्शन उडोन’ अशी नावे उमटली. पहिल्यात, म्हणजे कित्सुने उडोनमध्ये, कोल्हा नसतो. तळलेला टोफू कोल्ह्याला आवडतो अशी तिथली समजूत असल्यामुळे तो घातलेल्या पदार्थाला हे नाव पडले. दुसऱ्यात, त्सुकिमी उडोनमध्ये, वर कच्चे अंडे फोडलेले असते आणि त्याचा बलक म्हणजे चंद्र. अंडे न खाणारा माणूस अर्थातच कोल्ह्याला घाबरून चंद्राकडे वळतो. शिवाय दोन्हींचा रस्सा ‘दाशी’ या अर्कावर केलेला असतो आणि त्यात बहुधा कात्सुओ माशाचे वाळवलेले काप असतात, ज्यांचा उल्लेख दोन्ही नावांत नाही.

ॲपने भाषांतर सुधारावे, अशी माझी सुरुवातीला मागणी होती. आता ती राहिलेली नाही, कारण ‘तळलेल्या टोफूचे उडोन’ असे लिहिले तरी मासा लपलेलाच राहतो. नाव ‘कित्सुने उडोन’ असे उच्चारानुसार देवनागरीत द्यावे आणि माहिती वेगळ्या ओळीत द्यावी, एवढे पुरे आहे.

खरा वैताग वेगळाच आहे. हे ॲप मूळ अक्षरांवर मराठी मजकूर चढवून ती झाकून टाकते, त्यामुळे वाढणाऱ्या बाईंना फोन दाखवून ‘कोल्हा’वर बोट ठेवले, तर त्यांना काय कळणार? मूळ नाव परत मिळवायला भाषांतराचा थर बंद करावा लागतो, ओळ बोटाने निवडून तिची नक्कल करावी लागते आणि मग तिच्यावरून चित्रे शोधावी लागतात. फळ्यावर हाताने उभे लिहिलेले असेल, तर ओळ निवडलीही जात नाही.

तरीही हा द्राविडी प्राणायाम मी करते, पण फक्त नावात प्राणी, नाते किंवा निसर्ग आला की. ‘आईबाप आणि मूल’ असे काही दिसले, तर ते ओयाकोदोन असते, म्हणजे भातावर कोंबडी आणि अंडे. दाशीसाठी मात्र नावावर विसंबण्यात अर्थ नाही. ‘रश्श्यात मासा आहे का?’ हा प्रश्न जपानीत आधीच लिहून जपून ठेवला आहे, तो दाखवला की उत्तर मिळते. फुकट आवृत्तीत एवढे भागते. मूळ अक्षरे दिसू देण्याची सोय येईपर्यंत वार्षिक वर्गणी भरण्याचा माझा विचार नाही.