प्रवेश कोणत्या कॉलेजात घ्यावा : दोन्ही कॉलेजांच्या अनुभवानंतर मुलीला लिहिलेले पत्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रसायनशास्त्राच्या पदवीसाठी तुझे नाव दोन्ही कॉलेजांच्या यादीत लागले आहे आणि निर्णय तू माझ्यावर सोपवला आहेस. निर्णय तुझाच असावा; मी माझे मत कारणांसह लिहितो. दोन्ही ठिकाणचा आपल्या घराला प्रत्यक्ष अनुभव आहे. मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजात तुझा दादा वर्षभर शिकतो आहे, तर लहान कॉलेजात कंपनीने पाठवल्यामुळे मी स्वतः दोन सत्रे संध्याकाळचा विश्लेषणाचा अभ्यासक्रम केला आणि दिवसाच्या बॅचेस काम करताना पाहिल्या.

इमारत, निकालाची टक्केवारी आणि जाहिरातीतले छापील आकडे मी बाजूला ठेवतो. गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे काढल्यावर, नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींकडे मी आधी एकच गोष्ट पाहतो : यांच्या हातांनी खरोखर काम केले आहे का? म्हणून तुलनाही मी एका साध्या प्रयोगावरून करतो, सोडियम हायड्रॉक्साइडच्या टायट्रेशनवरून. तो पहिल्या वर्षी दोन्हीकडे असतो.

दादाच्या कॉलेजात बॅच वीस जणांची आहे आणि चालू स्थितीतल्या ब्युरेट पाच, म्हणजे एका ब्युरेटवर चार जण. प्रॅक्टिकल तीन तासांचे असले तरी हजेरी, सूचना, शेवटची धुलाई आणि जर्नलवरच्या सह्या यांत तासभर जातो. उरलेल्या दोन तासांत, भरणे आणि धुणे धरून एका टायट्रेशनला दहा मिनिटे लागली, तर एका ब्युरेटवर बारा टायट्रेशने होतात. प्रत्येकाच्या वाट्याला तीन. एक अंदाजाचे आणि त्यानंतर जुळणारी तीन, अशी किमान चार लागतात, त्यामुळे हिशेब कागदावरसुद्धा पुरा पडत नाही. प्रत्यक्षात ज्याचा हात बसलेला आहे तोच नळी धरतो, दुसरा रीडिंग सांगतो आणि उरलेले दोघे लिहून घेतात. दादा बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांत असतो, हे त्यानेच मला सांगितले.

तुझा विश्वास बसत नसेल तर त्याचे जर्नल उघडून पाहा. वर्षभरातल्या प्रत्येक टायट्रेशनमध्ये तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी आहेत आणि सीबीआर, म्हणजे जुळलेल्या स्थिर रीडिंगखाली लाल शाईची बरोबरची खूण आहे. एखाद्या पानावर असे घडू शकते, पण सगळ्या पानांवर घडत नाही. ब्युरेटवरच्या खुणा एकदशांश मिलिलिटरच्या असतात आणि दोन खुणांमधले अंतर डोळ्यांनी ताडावे लागते, त्यामुळे खऱ्या कामात कुठेतरी ०.०५ किंवा ०.१ चा फरक पडतोच. ही मुलांची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. द्रावण प्रयोगशाळा सहायक आधीच तयार करून ठेवतो, त्याची तीव्रता वर्षानुवर्षे तीच असते, आणि अपेक्षित उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये सापडते. अशा व्यवस्थेत कोणीही तेच करील.

लहान कॉलेजात बॅच बारा जणांची आहे आणि प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट मिळते. तिथे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण विद्यार्थीच करतात आणि त्याची खरी तीव्रता आधी शोधून काढतात, कारण हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो; तो कितीही काळजीपूर्वक तोलला तरी त्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरतात, कारण ते कोरडे आणि शुद्ध राहते. त्याचे ०.५१ ग्रॅम वजन घेतले, तर ०.१ मोलर द्रावण सुमारे २५ मिलिलिटर लागायला हवे. एका मुलीला ते थोडे जास्त लागले. बाईंनी उत्तर सांगितले नाही; ब्युरेटच्या टोकाकडे बघ, एवढेच म्हणाल्या. तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकला होता, आणि तो टायट्रेशन चालू असताना निसटला की तेवढे द्रावण वापरल्यासारखे दिसते. तिने ब्युरेट पुन्हा भरली, तोटी पूर्ण उघडून बुडबुडा काढला आणि गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकेपर्यंत थेंबाथेंबाने द्रावण सोडले. पुढची दोन रीडिंग २५.१० आणि २५.०५ आली, आणि तिने ती तशीच लिहिली. त्यानंतर प्रत्येकाला वेगळा, अज्ञात तीव्रतेचा नमुना मिळाला, त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

यंत्रांच्या बाबतीत वरवर पाहिले तर दादाचे कॉलेज पुष्कळ पुढे आहे. काचेच्या खोलीत एचपीएलसी आहे आणि माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो आहे. पालकसभेच्या दिवशी मी तिच्याशेजारचे लॉगबुक चाळले. अलीकडच्या नोंदी फक्त देखभालीसाठी आलेल्या अभियंत्याच्या होत्या. लहान कॉलेजात एचपीएलसी नाही. एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, क्युव्हेट हाताने सरकवावी लागते, आणि त्याच्या लॉगबुकची पाने विद्यार्थ्यांच्या सह्यांनी भरलेली आहेत. स्वतः पाच प्रमाण द्रावणे करून त्यांवरून सरळ रेषा काढलेला उमेदवार आमच्याकडे नवे यंत्र काही आठवड्यांत शिकतो. ज्याने यंत्र काचेतून पाहिले आहे त्याला मात्र पिपेट धरण्यापासून शिकवावे लागते.

आता लहान कॉलेजच्या उणिवाही लिहितो, कारण तीन वर्षे त्या तुलाच सोसायच्या आहेत. ग्रंथालय लहान आहे आणि संध्याकाळी लवकर बंद होते. वसतिगृह नाही, त्यामुळे रोजचा प्रवास लांबचा पडेल. मुलाखतींसाठी मोजक्याच कंपन्या येतात, तर दादाच्या कॉलेजात त्यांची रांग असते. हा फरक खरा आहे आणि तो मला कमी लेखायचा नाही. विषयांची निवडही तोकडी आहे. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्र सोडून संख्याशास्त्राकडे वळावेसे वाटण्याची शक्यता तुला आजच दिसत असेल, तर माझा सल्ला उलट आहे : मोठ्या कॉलेजात जा, कारण लहान ठिकाणी ती वाटच नाही.

पण मागच्या महिन्यात तू मला सांगितलेस की तुला प्रयोगशाळेतच काम करायचे आहे. ते पक्के असेल, तर प्रवेश लहान कॉलेजात घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

शुल्क भरण्यापूर्वी मात्र एकदा स्वतः जाऊन ये. मी पाहिलेली बॅच बारा जणांची होती. यंदा जागा वाढवल्या असतील तर माझा सगळा हिशेब बदलतो. पहिल्या वर्षाची बॅच किती जणांची आहे आणि ब्युरेट किती आहेत, हे कार्यालयात न विचारता प्रयोगशाळा सहायकाला विचार. त्याच बाई यंदाही शिकवणार आहेत ना, याचीही खात्री करून घे. बॅच सोळापर्यंत गेली असली आणि ब्युरेट तेवढ्या असल्या, तरी चालेल. दोघांत एक ब्युरेट झाली असेल तर मला फोन कर, पैसे भरू नकोस.

तुझा,
बाबा