चेंगराचेंगरी पडद्यावर नको, पण जाणवली पाहिजे: शाळेच्या शॉर्टफिल्मसाठी तीन वाटा

सीताबर्डीच्या आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपुलावरून नागपूरची मुलं रोज जातात. हे नाव कशावरून पडलं, ते त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला. त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला, त्यात बायका आणि मुलं जास्त. गॅदरिंगला यावर दहा मिनिटांची फिल्म करायची, तर पहिला प्रश्न हाच येतो, की ती गर्दी दाखवायची नसेल तर काय दाखवायचं?

दाखवू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वीस मुलं धावताना मोबाइलवर टिपली की ती खो-खोची मॅच वाटते, आणि पडणाऱ्या मुलाला ओळखून त्याचे मित्र हसतात. युद्ध, मरण, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात समोर घडवू नका, प्रवेशकातून, म्हणजे अंकांच्या मधल्या छोट्या संवाददृश्यातून कळवा, असं भरताचं नाट्यशास्त्रही सांगतं. पण ‘कळवा’ म्हणजे कसं? आवाजानं, मागे उरलेल्या वस्तूनं, की घरी वाट पाहणाऱ्या माणसातून?

पहिल्यांदा सुचतो तो आवाज. कॅमेरा एका बंद दुकानाच्या शटरवर, आणि बाहेरून घोषणा, मग धावपळ, मग आरडाओरडा. कागदावर हे फार प्रभावी दिसतं, शाळेच्या हॉलमध्ये मात्र कोसळतं. हॉलच्या उघड्या भिंतींवर आवाज घुमतो, भाड्याच्या भोंग्यांतून खालचे सूर येतच नाहीत, आणि गर्दीचा गलका म्हणजे नुसती खरखर होते. किंकाळी आली की मागच्या रांगेतून कुणीतरी तिची नक्कल करतो आणि तिथेच प्रसंग संपतो. मुलं निर्दय असतात म्हणून नव्हे, अवघडली की ती हसतात.

आवाजाची दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. आवाज तटस्थ नसतो. काठीचा फटका ऐकवला, तर ‘हे लाठीमारामुळे झालं’ असं तुमची फिल्म म्हणते. नुसती पावलं ऐकवली, तर ‘गर्दीच बिथरली’ असं म्हणते. ज्या घटनेत जबाबदारी कुणाची यावर वाद झाला, तिच्याबद्दल साउंड ट्रॅकमधून गुपचूप निकाल देऊ नये. द्यायचाच असेल तर अभ्यास करून, शब्दांत द्यावा.

दुसरी वाट वस्तूंची. रिकामा रस्ता आणि विखुरलेल्या चपला. स्वस्त, शूट करायला सोपी, आणि सगळ्यांना सुचणारी. सुचते म्हणूनच ती दुबळी आहे. अशा चपलांचे फोटो मुलांनी बातम्यांत पाहिलेले असतात, त्यामुळे ‘चेंगराचेंगरी झाली’ एवढी माहिती पोचते, कुणाचं काय गेलं ते पोचत नाही. वस्तू वापरायचीच असेल तर एकच, आणि ती आधी जिवंत माणसाच्या हातात दिसलेली हवी. पहिल्या मिनिटाला आई भाकरी बांधते तो निळा धडपा आठव्या मिनिटाला दुसऱ्या कुणाच्या हातात दिसला, तर खुलासा लागत नाही. पण मग खरं काम आईच्या पहिल्या दृश्यानं केलेलं असतं. म्हणून ही वाट एकटी चालत नाही, तिसरीची जोड म्हणून चालते.

तिसरी वाट घरची, आणि माझं मत तिच्याच बाजूनं आहे. गोवारी म्हणजे गावाची ढोरं चारणारा समाज. मोर्चाला माणसं गेली तर गावातल्या गाई कोण सोडणार? त्या साली दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, म्हणजे गाई सजवून पुजायचा गायगोधनाचा सण होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. शिंगांवरचा गेरू उडत आलेला, पण अजून दिसणारा. तुमची कथा इथेच आहे, मोर्चापासून खूप दूर.

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं दृश्य असं लिहिता येईल:

(अंगण. उन्हं वर आलेली. लांबून गाईंचं हंबरणं. आजी उंबऱ्यात बसलेली. शेजारीण तावातावानं येते.)

शेजारीण: नऊ वाजून गेले, ढोरं काहून नाही सोडली आज? गाय दावं तोडून राह्यली माही!

(आजी बोलत नाही. मुलगा कोपऱ्यातली आईची काठी घेतो. काठी त्याच्यापेक्षा उंच आहे.)

मुलगा: मी येतो सोडाले.

शेजारीण: तू? माय कुठी गेली तुही?

(कुणी उत्तर देत नाही. शेजारीण आजीकडे पाहते. आवाज उतरतो.)

शेजारीण: राहू दे, बापू. मीच सोडतो माही.

इथे रडणं नाही, ‘गेली’ हा शब्दही नाही. शेजारणीला ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे, या फरकातून सगळं वजन येतं. म्हणूनच तारीख, ठिकाण आणि ११४ हा आकडा सांगणारी पाटी फिल्मच्या सुरुवातीला टाका, शेवटी नको. शेवटी टाकली तर कोडं सुटल्यासारखा धक्का बसतो आणि मुलं ‘अच्छा, असं होतं का’ म्हणून मोकळी होतात. सुरुवातीला टाकली तर आई मोर्चाला जायला ट्रकमध्ये चढते तेव्हापासून हॉल अस्वस्थ असतो.

या वाटेचा धोका उलट्या बाजूचा आहे: फार झाकलं तर काही कळतच नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना आईचं न येणं म्हणजे ‘उशीर झाला असेल’ असंही वाटू शकतं. स्क्रिप्टला हात न लागलेल्या चार-पाच मुलांना कच्ची फिल्म दाखवा आणि एवढंच विचारा, ‘आई कुठे आहे?’ ‘मोर्चात चेंगरली’ असं उत्तर आलं तर बरोबर. ‘शहरातच राहिली’ आलं तर एक सरळ वाक्य वाढवा, गावातला कुणी परत येऊन आजीला सांगतो असं. ‘पोलिसांनी मारली’ किंवा ‘गर्दीनं मारली’ असं ठाम उत्तर आलं, तर तुम्ही नकळत कुठेतरी निकाल दिलाय, तो शोधून काढा.

एक तांत्रिक गोष्ट. हे दृश्य शांततेवर उभं आहे, आणि मोबाइलला शांतता टिपता येत नाही. आवाज कमी झाला की फोन आपोआप माइकची पातळी वाढवतो, त्यामुळे आजीच्या गप्प बसण्यात पंख्याची घरघर ऐकू येते. हंबरण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून एडिटिंगमध्ये त्या जागी हलका ठेवा. हॉलमध्ये पूर्ण शांतता टिकत नाही, एक लांबचा आवाज असला की मुलं कान देतात.

तर निवड करायची असेल तेव्हा असं बघा. प्रेक्षक आठवी ते दहावीचे आणि हॉलची साउंड सिस्टिम खरंच चांगली असेल, तर पहिल्या वाटेतला एकच आवाज उसना घ्या: घोषणा चालू असताना मध्येच तुटते. त्यापुढचं काही ऐकवू नका. पाचवीपासूनची सगळी शाळा एकत्र बसणार असेल, तर घरची वाट आणि तो निळा धडपा, बस्स. गाव, गाय, अंगण मिळायची सोय नसेल, तर हा विषय फिल्मऐवजी अभिवाचनातून करा. शहरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ही आजी बसवू नका.

आणि कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या बाईंशी आधीच बोलून घ्या. फिल्मनंतर लगेच ग्रुप डान्स लावला, तर दहा मिनिटांची मेहनत पहिल्या ठेक्यालाच पुसली जाते. मध्यंतराच्या आधीची जागा मागा.