एच. पायलोरी: तीन औषधांचा कोर्स की चार?

एंडोस्कोपीत अल्सर आणि एच. पायलोरी हा पोटातला जंतू सापडला, की प्रश्न येतो: तीन औषधांचा कोर्स की चार?

तीनच्या कोर्समध्ये आम्ल कमी करणारी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ आणि अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम, सगळं सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस. पाळायला सोपा. तोंड कडू होतं, जुलाब होऊ शकतात. मात्र जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नसेल तर कोर्स बहुधा फसतो. घसा-खोकल्यासाठी पूर्वी अझिथ्रोमायसिन घेतलं असेल तर ही शक्यता वाढते, कारण दोन्ही एकाच कुळातली.

चारच्या कोर्समध्ये आम्लाच्या गोळीसोबत बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. दिवसातून चार वेळा गोळ्या, म्हणजे खरी कसरत. बिस्मथमुळे शौच काळी होते, ते अपेक्षितच. पण डांबरासारखी चिकट, दुर्गंधी शौच आणि चक्कर असेल तर रक्तस्राव समजून लगेच रुग्णालय गाठा. टेट्रासायक्लिन दुधासोबत नीट शोषलं जात नाही. मेट्रोनिडाझोलसोबत दारू वर्ज्य.

सहाव्या दिवशी पोट शांत होतं ते आम्लाच्या गोळीने. तिथे थांबलात तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि प्रतिकार करणारे निवडून राहतात.

कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून बंद.

पेनिसिलिनची ॲलर्जी, जुनं अझिथ्रोमायसिन किंवा आधी फसलेला कोर्स असेल तर चार औषधं. जंतूवर क्लॅरिथ्रोमायसिन चालतं हे तपासणीत दिसलं असेल, तरच तीन. गरोदरपणात टेट्रासायक्लिन नाही.