सब आणि टॉप डिले-पोलॅरिटीने जुळवायला लागलो त्याला आठ महिने झाले, अनुभव लिहितोय (नाशिक)

मागच्या गणपतीच्या आधी एक जुना प्रोसेसर घेतला, दोन इन सहा आउटवाला, आणि सोबत एक मेजरमेंट माईक. सिस्टिम छोटीच आहे, १२ इंची पॉवर्ड टॉप दोन आणि १८ इंची सब दोन, सबला वेगळा अँप. कामं म्हणजे गंगापूर रोडच्या लॉन्सवरची लग्नं, संगीत, हळदी, कधी एखादा ऑर्केस्ट्रा. प्रोसेसर घ्यायचं कारण एकच होतं, बास. सबचा फेडर कितीही वर नेला तरी किकचा ठोका पोकळ यायचा, नुसती घूंऽऽ घूंऽऽ आणि त्याच्या आत ठोकाच नाही, आणि ढोलकीवाला दर वेळी सांगायचा की दादा माझा धुम्म कुठं जातो. मी सब वाढवायचो, मग अजून घूं वाढायची. आता आठ महिने आणि पन्नासच्या आसपास कामं झाल्यावर कळतंय की सब कमी नव्हताच, सब आणि टॉप एकमेकांना खात होते.

कसं ते आधी सांगतो. क्रॉसओव्हर ९० हर्ट्झवर आहे, लिंकविट्झ-रायली २४ डीबीचा, म्हणजे ९० च्या आसपास तोच आवाज सबमधूनही येतो आणि टॉपमधूनही. दोघांची लाट एकदम बाहेर ढकलत असेल तर बेरीज होते, एकाच्या वर ६ डीबी मिळतात. एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय असं झालं तर वजाबाकी. आणि मधली एक जागा आहे जी लक्षात ठेवण्यासारखी आहे, दोघांत १२० अंशांचा फरक असला तर दोन्ही चालू असून आवाज एकट्याइतकाच येतो. म्हणजे कॅन्सल झालंय असं ऐकून कळत पण नाही, बास आहे असंच वाटतं, फक्त तो दमदार नसतो. माझं नेमकं हेच चाललं होतं.

एका लॉनचं पूर्ण सांगतो. स्टेजपुढे फुलांचं डेकोरेशन होतं म्हणून टॉपचे स्टँड सबच्या साधारण सव्वा मीटर मागे गेले, टॉपची उंची २.४ मीटर. सबपासून १० मीटरवर माईक जमिनीवरच ठेवला (स्टँडवर ठेवला की जमिनीवरून परतणारा आवाज मिसळतो, जमिनीवर ठेवला की ती भानगडच नाही). टेप लावला तर टॉपचा रस्ता सबपेक्षा जवळपास दीड मीटर जास्त. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या वर जातो, म्हणजे हिशोब झाला ४.२ मिलीसेकंद, टॉप उशिरा. पूर्वी मी इथंच थांबलो असतो, सबला ४.२ चा डिले टाकला आणि झालं. पण टेप फक्त हवेतला रस्ता मोजतो. पॉवर्ड टॉपच्या आत स्वतःचा डीएसपी असतो, आवाज आत गेल्यावर बाहेर यायला त्याला वेळ लागतो, माझ्या टॉपचा तो २.६ मिलीसेकंद निघाला, आणि बॉक्स-फिल्टरचं मिळून अजून अर्ध्याच्या वर. मोजल्यावर खरा आकडा आला ७.४.

आता या ७.४ चं काय होत होतं बघा. डिले शून्य असताना ९० हर्ट्झवर हा फरक दोन तृतीयांश सायकल होतो, म्हणजे २४० अंश, आणि दुसऱ्या बाजूनं मोजलं तर तेच १२० अंश, दोघं मिळून एकट्याइतके. आणि ६८ हर्ट्झच्या जवळ तो बरोबर अर्धी सायकल होतो, म्हणजे तिथं सरळ वजाबाकी, पाच-सहा डीबीचा खड्डा. किकचं पोट आणि ढोलकीचा धुम्म याच भागात असतो. धुम्म कुठं जातो ते असं दिसलं.

पोलॅरिटीचं बटण आपल्याकडे सगळेच दाबून बघतात आणि "उलटा केला की बास वाढतो" असं सांगतात. इथंही वाढला. कारण उलटं केल्यावर ९० वर फरक १२० वरून ६० अंशांवर आला आणि सहापैकी पावणेपाच डीबी मिळाले. पण वर ११० ला गेलं की परत बिघडलेलंच. पोलॅरिटी सगळ्या फ्रिक्वेन्सी एकसारख्या उलट्या करते, वेळ हलवत नाही, आणि डिले वेळ हलवतो, त्यामुळे जितकी फ्रिक्वेन्सी वर तितके अंश जास्त फिरतात. ही दोन वेगळी हत्यारं आहेत, एकाचं काम दुसऱ्याकडून थोडंफार होतं, पूर्ण नाही.

मोजायला मी ओपन साउंड मीटर वापरतो. इंटरफेसच्या एका इनपुटला माईक, दुसऱ्याला प्रोसेसरमध्ये जाणाऱ्या सिग्नलची कॉपी, आणि पिंक नॉइज. फक्त डावी बाजू चालू, उजवी म्यूट. आधी एकटा टॉप मोजून सेव्ह, मग टॉप म्यूट करून एकटा सब मोजून सेव्ह, मग दोघांच्या फेजच्या रेषा ६० ते १२० च्या मध्ये एकावर एक बसेपर्यंत डिले हलवायचा. इथं मी महिनाभर एक चूक करत होतो ती नीट सांगतो. टॉप मोजताना सॉफ्टवेअरमध्ये डिले शोधायचं बटण दाबायचं, ठीक. पण मग सब मोजताना मी ते परत दाबायचो. त्याने सॉफ्टवेअर सबसाठी वेगळा शून्य धरतं आणि जो फरक मोजायचाय तोच पुसून टाकतं. स्क्रीनवर रेषा मस्त जुळलेल्या आणि ऐकायला तीच पोकळी. बटण एकदाच, टॉपला, आणि मग त्याला हात लावायचा नाही.

लॅपटॉप नसेल तर कानानं पण होतं. ९० हर्ट्झचा टोन लावा, एकटा सब आणि एकटा टॉप माईकच्या जागी सारख्याच जोरात येतील असं करा, मग सबची पोलॅरिटी उलटी करा आणि आवाज सगळ्यात बारीक होईपर्यंत डिले हलवा, सापडला की पोलॅरिटी परत सरळ. सगळ्यात मोठा आवाज शोधण्यापेक्षा सगळ्यात बारीक शोधणं कानाला खूप सोपं जातं, कारण तळ टोकदार असतो आणि माथा पसरट. पण टोनला एक धोका आहे, दर ११ मिलीसेकंदांनी तोच तळ परत सापडतो, कारण ९० हर्ट्झची एक सायकल तेवढ्याची असते. मला एकदा १८.५ वर इतका छान तळ मिळाला की तोच ठेवला, ७.४ अधिक एक पूर्ण सायकल. टोनला परफेक्ट, पण किक वाजली की काठीचा टक्का आधी आणि पोट मागून, ड्रमर लगेच म्हणाला की भाऊ डबल ऐकू येतंय. म्हणून टेपचा आकडा आधी काढायचा, आणि उत्तर त्याच्या दोन-चार मिलीसेकंद इकडेतिकडेच असायला हवं. जास्त लांब गेलं तर समजायचं की चुकीच्या सायकलवर बसलोय.

याच्याही आधी करायची एक गोष्ट, दोन्ही सब एकमेकांशी सरळ आहेत का ते बघा. डिसेंबरमध्ये एका कामाला कितीही डिले फिरवला तरी काहीच बसेना, दोन तास गेले. शेवटी दोन्ही सब शेजारी शेजारी लावले तर दुसरा चालू केल्यावर बास वाढायच्या ऐवजी गायबच झाला. दुरुस्त करून आणलेल्या एका स्पीकॉन केबलमध्ये प्लस-मायनस उलटे जोडले होते. आता प्रत्येक केबल दुरुस्त होऊन आली की आधी हीच टेस्ट, दोन सब शेजारी, दुसरा चालू केला की ६ डीबीच्या आसपास वाढलं पाहिजे.

लोक विचारतात म्हणून थंडीचं पण लिहितो. नाशिकला डिसेंबरच्या रात्री १० अंश आणि मेच्या दुपारी ३८, आवाजाचा वेग बदलतो, मग परत सेट करायचं का? माझ्या सेटअपला नाही. फरक फक्त दोन रस्त्यांच्या फरकावर पडतो, दीड मीटरवर तो ०.२ मिलीसेकंद होतो, ९० हर्ट्झवर सात अंश. सोडून द्या. जागेचं पण तसंच, १० मीटरवर सेट केलेलं ५ वरही आणि २० वरही चांगलं राहतं, कारण सब आणि टॉप जवळजवळ एकाच रेषेत आहेत.

बिघडतं ते मागच्या स्विचमुळे. माझ्या टॉपच्या मागे १०० हर्ट्झचा हाय-पास आणि दोन-तीन मोड आहेत, आणि सेटिंग करताना हाय-पास बंद ठेवलेला असतो. पोरानं लोडिंगनंतर तो चुकून चालू केला की वेगळा फिल्टर लागतो, फेज फिरते, आणि सगळं जुळवलेलं जातं. ओळखायची खूण अशी, फेडर कालचेच आहेत आणि बास अचानक कागदी झालाय. आता स्विचवर पारदर्शक टेप लावलाय आणि प्रोसेसरच्या प्रीसेटच्या नावातच मोड लिहून ठेवतो. सब पुढे का टॉप पुढे तेही नावात, कारण सब टॉपच्या मागे जातात तिथं बहुतेक वेळा डिले सबला नाही, टॉपला लागतो.

फायदा मोजून सांगायचा तर सबचा फेडर पूर्वीपेक्षा ४ डीबी खाली असतो आणि किक जास्त लागते. अँपची क्लिपची लाइट आता लागत नाही. टॉप म्यूट करून परत चालू केले की ठोका फुलतो, पूर्वी काहीच बदलायचं नाही, ही सगळ्यात सोपी तपासणी, गाणं चालू असताना दोन सेकंदात होते. वेळ लागतो वीस मिनिटं, आणि पिंक नॉइज दुपारी कॅटरर्सची माणसं यायच्या आधी उरकून घ्यायचा, नाहीतर सगळे वैतागतात.

न सुटलेली एक गोष्ट आहे. डावा-उजवा सब वेगळा असला की मधल्या पट्ट्यात बास भरपूर आणि बाजूला खड्डे, ते या डिलेने जात नाही, कारण तिथं भांडण दोन सबचंच आहे. म्हणून गेले दोन महिने जागा मिळेल तिथं दोन्ही सब मध्ये एकत्र ठेवतोय. बास लॉनभर सारखा झाला, पण आता टॉप बाजूला आणि सब मध्ये, त्यामुळे डाव्या टॉपसमोर बसलेल्याला एक डिले बरोबर आणि मधल्या खुर्चीला दुसरा. सध्या मी माईक या दोघांच्या मधोमध ठेवून तिथला आकडा घेतो, दोन्हीकडे थोडं थोडं चुकतं पण कुठंच पूर्ण कॅन्सल होत नाही. पुढच्या लॉनला टॉप थोडे आत घेऊन परत मोजणार आहे.