परमेथ्रिन १ टक्का लोशन: उवांवर काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुली आणि खालच्या मजल्यावर जाऊबाईंचं कुटुंब. शाळा सुरू झाली की उवा घरात येणारच, हे आम्ही धरूनच चाललोय. या लोशनबद्दल माझं मत चांगलं आहे, पण एकदा लावून सोडून दिलं तर त्याचा काही उपयोग नाही.

कारण लिखांमध्ये आहे. लोशन जिवंत उवांना मारतं, पण लिखांच्या कवचातून आत सगळीकडे पोचत नाही. त्यातल्या काही वाचतात आणि साधारण सात ते नऊ दिवसांत फुटतात. त्यातून निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आधी दुसरा हात फिरवायचा असतो. म्हणून दुसरी वेळ नवव्या दिवसाची. शनिवारी पहिल्यांदा लावलं तर पुढचा शनिवार जाऊ द्यायचा आणि त्यानंतरच्या सोमवारी लावायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी लावलं तर बऱ्याच लिखा फुटलेल्याच नसतात आणि तो हात वाया जातो.

लावण्याची पद्धत पाकिटावर बारीक अक्षरात असते, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे मुलींच्या डोक्याला तेल असतंच; ते आधी साध्या शाम्पूने काढा. कंडिशनर लावू नका, त्याचा थर राहिला की औषध केसाला नीट लागत नाही. मग टॉवेलने केस चांगले टिपून घ्या. पाणी निथळत असेल तर औषध पातळ होतं. लोशन टाळूपासून सुरुवात करून टोकांपर्यंत चोळायचं, कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या मुळांशी जास्त, कारण उवांचा मुक्काम तिथेच असतो. डोळ्यांवर टॉवेल धरायचा. दहा मिनिटं झाली की धुऊन टाकायचं. रात्रभर ठेवून जास्त फायदा होत नाही. धुताना मुलीला पूर्ण आंघोळ घालू नका, बेसिनवर वाकवून डोकंच धुवा, म्हणजे औषध अंगभर जात नाही. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू करायचा नाही. माझ्या मोठीचे केस कमरेपर्यंत आहेत, तिला एक बाटली पुरत नाही. केस कोरडे राहतील एवढं औषध वाचवण्यात अर्थ नाही.

फणी हवीच. दात अगदी जवळजवळ असलेली धातूची फणी घ्या. प्लास्टिकचे दात वाकतात आणि लिखा निसटतात. केस ओले असताना बट-बट घेऊन मुळापासून ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. टाळूजवळ केसाला चिकटलेली लीख बोटाने सरकत नाही, कोंडा सरकतो. टाळूपासून दूर, लांबवर दिसणारी पांढरी कवचं बहुतेक रिकामी असतात, त्यांच्यासाठी पुन्हा औषध लावू नका.

घरातल्या सगळ्यांचं सांगायलाच हवं. धाकटीच्या डोक्यात सापडल्या त्या दिवशी सासूबाईंचंही डोकं बघितलं, तर त्यांच्या अंबाड्याखाली मानेजवळ तीन होत्या. खाज अजिबात नव्हती. पहिल्यांदा उवा झाल्या की खाज यायला कितीतरी आठवडे लागू शकतात, त्यामुळे “मला काही खाजत नाही” हा पुरावा नव्हे. मुली आजीच्या कुशीत झोपतात. आई, तुम्हाला लावलं नाही तर मुलींचं फुकट जाईल, म्हटल्यावर त्या लगेच बसल्या. खाली जाऊबाईंकडेही त्याच संध्याकाळी सगळ्यांची डोकी बघितली. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसली आणि जे त्यांच्याबरोबर एका गादीवर झोपतात, त्यांना एकाच दिवशी लावलं. बाकीच्यांची डोकी दोन आठवडे अधूनमधून तपासली.

घर धुऊन काढायची मात्र गरज नाही. ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही, आणि डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. गेल्या दोन दिवसांतल्या उशांचे अभ्रे, टॉवेल, ओढण्या गरम पाण्यात धुतल्या आणि फण्या-कंगवे कढत पाण्यात बुडवून ठेवले, एवढं पुरे.

अपयश कुठे आलं ते फणीवरून कळतं. दुसऱ्याच दिवशी मोठ्या उवा चपळपणे पळताना दिसल्या, तर एक तर लावणं नीट झालेलं नाही किंवा त्यांना हे औषध लागूच पडत नाही. काही ठिकाणच्या उवा परमेथ्रिनला दाद देत नाहीत. अशा वेळी तेच लोशन पुन्हापुन्हा थापू नका, डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या प्रकारची औषधं आहेत. आठवड्याभराने फक्त बारीक पिल्लं दिसली तर त्या उरलेल्या लिखा, नववा दिवस सांभाळा. सगळं साफ होऊन काही आठवड्यांनी मोठी ऊ सापडली, तर ती बाहेरून आली आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर हेच झालं. मोठीच्या फणीला एकच मोठी ऊ लागली, लीख एकही नाही. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईला सांगितलं, दोन्ही घरी एकाच दिवशी औषध लावलं, आणि मग थांबलं.

दोन महिन्यांखालच्या बाळाला हे लावू नका, गरोदर असाल किंवा टाळूवर जखमा असतील तर आधी विचारा. दुकानात ५ टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीमही मिळतं. ते खरजेचं, बाटलीवरचा आकडा वाचून घ्या. आणि रॉकेल कुणी सुचवलं तरी डोक्याजवळ नेऊ नका, त्याने लहान मुलं भाजल्याच्या घटना घडल्या आहेत.