घरचा कॅमेरा वाय-फायला जोडताना: क्यूआर कोड की कॅमेऱ्याचे तात्पुरते नेटवर्क?

घरासाठी घेतलेला सुरक्षा कॅमेरा पहिल्यांदा वाय-फायला जोडताना मोबाइलमधील ॲप बहुधा दोन मार्ग पुढे ठेवते. पहिल्यात मोबाइलच्या पडद्यावर उमटलेला क्यूआर कोड कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर धरायचा असतो, आणि दुसऱ्यात कॅमेरा स्वतःचेच एक तात्पुरते नेटवर्क सुरू करतो, मोबाइल काही वेळ त्याला जोडायचा असतो आणि तिथूनच घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड कॅमेऱ्याला द्यायचे असतात. ॲपमध्ये या दुसऱ्या मार्गाला कुठे ‘एपी मोड’, तर कुठे ‘हॉटस्पॉट मोड’ म्हटलेले आढळते. क्यूआर कोड सोपा वाटतो म्हणून बहुतेक जण तोच निवडतात, आणि कॅमेरा हातात असेल तर ते योग्यच आहे. मात्र सोलापुरात जिथे कॅमेरे प्रत्यक्ष लागतात, म्हणजे गेटच्या खांबावर, दुकानाच्या शटरवर किंवा घरामागच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, तिथे तात्पुरत्या नेटवर्कचा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यूआर कोडच्या मार्गात माहिती एकाच दिशेने जाते. ॲप वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि तुमच्या खात्याशी जोडणारी एक खूण त्या चौकटीत भरते, कॅमेरा ती वाचतो आणि थेट राऊटरकडे जातो. कॅमेऱ्याच्या लेन्सचा फोकस बहुधा दूरच्या दृश्यासाठी ठरवलेला असल्यामुळे मोबाइल अगदी जवळ धरला तर कोड धूसर दिसतो. साधारण वीतभर अंतरापासून सुरुवात करून मोबाइल हळूहळू मागे न्यावा, पडद्याचा उजेड वाढवावा आणि उन्हाची तिरीप पडद्यावर येऊ देऊ नये. पासवर्ड लांबलचक असेल तर कोडमधील ठिपके बारीक होतात आणि वाचन अधिक अडते. कोड वाचल्यावर कॅमेरा टुण्ण आवाज करतो किंवा बोलून सांगतो, पण त्यानंतर जोडणी झाली नाही तर ॲप बहुधा ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच म्हणते. पासवर्ड चुकला, सिग्नल कमी पडला की कॅमेऱ्याला तुमचे वाय-फाय दिसलेच नाही, यांतले नेमके काय झाले ते कळत नाही.

तात्पुरत्या नेटवर्कमध्ये कॅमेरा आणि मोबाइल एकमेकांशी बोलतात, आणि खरा फरक इथे आहे. अनेक ॲपमध्ये या टप्प्यावर कॅमेरा स्वतः आजूबाजूची नेटवर्क शोधतो आणि त्याला जे दिसते त्याची यादी मोबाइलवर पाठवतो. ही यादी मोबाइलची नसून कॅमेऱ्याची असते, म्हणजे ज्या भिंतीवर तो बसवला आहे तिथून त्याला काय दिसते, हे तुम्ही खाली उभे राहून वाचू शकता.

पूर्व भागातील एका घराचे उदाहरण घेऊ. राऊटर पुढच्या खोलीत, मागे पत्र्याच्या शेडमध्ये माग, आणि इलेक्ट्रिशियनने कॅमेरा शेडच्या दारावर, शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा उंचीवर आधीच बसवून टाकलेला. क्यूआर कोडसाठी मोबाइल घेऊन शिडीवर चढावे लागले असते. त्याऐवजी ॲपमध्ये एपी मोड निवडला. दिवा लुकलुकत असेल तर कॅमेरा जोडणीसाठी तयार आहे असे समजावे. नसेल तर रीसेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि त्यासाठी मात्र एकदा वर चढणे चुकत नाही. मोबाइलच्या वाय-फाय यादीत कंपनीचे नाव आणि काही अंक असलेले नवे नेटवर्क दिसले, त्याला मोबाइल जोडला, आणि लगेच सूचना आली की या नेटवर्कवर इंटरनेट नाही.

बहुतेकांची जोडणी याच क्षणी फसते. कॅमेऱ्याच्या नेटवर्कवर इंटरनेट नसणारच, कारण ते केवळ दोघांच्या संवादासाठी आहे. पण मोबाइलला ते नेटवर्क निकामी वाटते आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर किंवा घरच्या वाय-फायवर परततो. ॲप मग कॅमेरा शोधत राहते आणि तो सापडत नाही. म्हणून सूचनेत ‘जोडलेले राहा’ असा पर्याय निवडावा, तो पर्याय येत नसेल तर काही मिनिटांपुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा, आणि व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करावे. अँड्रॉइडवर ॲपला लोकेशनची परवानगी लागते, कारण आजूबाजूची वाय-फाय नावे वाचणे त्या परवानगीशी बांधलेले आहे. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी नाकारली असेल तर जोडणी होऊनही ॲपला कॅमेऱ्याशी बोलता येत नाही.

या घरात संवाद सुरू झाला, यादीही आली, पण तिच्यात शेजारच्यांची नावे होती आणि घरचे नाव नव्हते. कारखान्याच्या आवाजात दहा वेळा क्यूआर कोड दाखवूनही ही गोष्ट समजली नसती. नाव न दिसण्याची कारणे मोजकीच असतात: राऊटरची २.४ गिगाहर्ट्झची लहर बंद असणे (बरेचसे स्वस्त कॅमेरे ५ गिगाहर्ट्झ ऐकतच नाहीत), नाव लपवलेले असणे, सिग्नल तिथवर न पोचणे, किंवा राऊटरने चॅनल १२ अथवा १३ निवडलेला असणे. भारतात १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण काही उपकरणे केवळ ११ पर्यंतच पाहतात. शेजारचे राऊटर दिसत होते, त्यामुळे कॅमेऱ्याचा वाय-फाय शाबूत होता. मोबाइल घरच्या वाय-फायला परत जोडून, ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून (राऊटरवरील चिठ्ठीवर वेगळा पत्ता असेल तर तो) पाहिले तेव्हा २.४ ची लहर चालू होती आणि चॅनल ‘ऑटो’वर राहून १३ झाला होता. तो ६ केला, एपी मोड पुन्हा सुरू केला, आणि नाव यादीत आले, मात्र सिग्नलची एकच रेघ घेऊन. पासवर्ड दिल्यावर तात्पुरते नेटवर्क आपोआप बंद झाले आणि थोड्या वेळात चित्र दिसू लागले, पण ते अडखळत होते. पत्रा लहरी अडवतो. म्हणून राऊटर मागच्या खिडकीपाशी सरकवला, आणि मग चित्र सुरळीत झाले.

सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही मार्गांत काळजी घ्यावी लागते, पण वेगवेगळी. क्यूआर कोडमध्ये पासवर्ड भरलेला असल्याने त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नये. तात्पुरते नेटवर्क अनेकदा पासवर्डविना उघडे असते, म्हणून जोडणी अर्धवट सोडून कॅमेरा तसाच लुकलुकत ठेवू नये. बहुधा काही मिनिटांत ते बंद होते, तरी काम तिथेच पुरे करावे किंवा कॅमेऱ्याचा वीजपुरवठा काढून ठेवावा.

कॅमेरा अजून खोक्यात असेल आणि घर लहान असेल, तर राऊटरजवळ बसून क्यूआर कोड दाखवावा, जोडणी झाल्यावर तो जागेवर न्यावा आणि तिथले चित्र पाहूनच खिळे ठोकावेत. अजून विकत घ्यायचा असेल तर खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दोन्ही मार्ग दिलेले आहेत का ते दुकानातच पाहावे. उंचीवर बसवायच्या कॅमेऱ्यात केवळ क्यूआर कोडचा मार्ग असेल, तर तो मी घेणार नाही. वीज गेल्यावर पुन्हा जोडणी करावी लागत नाही, कारण नाव व पासवर्ड कॅमेऱ्यात साठलेले असतात. फक्त राऊटर सुरू व्हायला वेळ घेतो तेवढी वाट पाहावी. राऊटर बदलला तरी नव्याला जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच प्रकार दिला, तर शेडमधला कॅमेरा बहुधा आपणहून जोडला जातो आणि शिडी बाहेर काढावी लागत नाही.